वाइन रेड कधी संपला? ईडीटीए टायट्रेशनचा एंडपॉइंट फोटोवरून वाचायचा प्रोजेक्ट, नोंदी

४ नोव्हेंबर

विषय ठरला एकदाचा. बोअरच्या पाण्याचा टोटल हार्डनेस ईडीटीएने काढायचा, इंडिकेटर एरिओक्रोम ब्लॅक टी म्हणजे आपला इबीटी, आणि एंडपॉइंट कधी आला हे डोळ्यांनी न ठरवता फोनच्या फोटोवरून ठरवायचं. टीमला तीन टीवायची पोरं, मी, आणि लॅबचे मामा, जे गेली कित्येक वर्षं ही सोल्युशन्स बनवतायत त्यामुळे त्यांचा शब्द आमच्यासाठी वजनाचा आहे.

इबीटीच का, तर फिनॉल्फ्थॅलीनमध्ये रंग नाही आणि रंग आहे एवढाच प्रश्न असतो, तिथे कॅमेरा लावून फार काही कळत नाही. इबीटीमध्ये वाइन रेड जातो, मग जांभळा येतो, मग निळा, आणि तो जांभळा दोनतीन थेंब तसाच रेंगाळतो, आणि नेमकं तिथेच एक पोरगा म्हणतो झालं आणि दुसरा म्हणतो अजून लालसर आहे. आमच्यातल्या एकाला लाल-हिरव्याचं रंगांधत्व आहे, त्याला जांभळा आणि निळा सारखेच दिसतात, त्यामुळे त्याचं रीडिंग दरवेळी बाकीच्यांपेक्षा कमी येतं. हात त्याचा सगळ्यात स्थिर आहे, अर्धा थेंब सोडून वॉश बॉटलने खाली ढकलायचं काम तोच सगळ्यात नीट करतो. त्याला प्रॅक्टिकलला शेजारच्याला विचारावं लागू नये हे माझ्या डोक्यात पहिल्यापासून आहे.

आत नेमकं काय होतं ते सगळ्यांना एकदा सांगून ठेवलं. पीएच १० ला इबीटी मोकळा असला की निळा, मॅग्नेशियमने धरला की वाइन रेड. ईडीटीए टाकत गेलो की तो आधी कॅल्शियम धरतो कारण ती जोडी पक्की, मग मोकळं मॅग्नेशियम, आणि सगळ्यात शेवटी इंडिकेटरच्या हातातलं मॅग्नेशियम काढून घेतो. इंडिकेटर मोकळा झाला की निळा. म्हणजे फोटोत बघायचं काय तर इंडिकेटरचा किती भाग अजून धरलेला आहे आणि किती सुटलाय, बास.

७ नोव्हेंबर

फोटो काढायची जागा तयार केली. ए४ कागदांचं रिम येतं तो पुठ्ठ्याचा खोका आडवा, आतून पांढरा कागद, वरून एलईडी ट्यूबचा उजेड, पण चकाकी फ्लास्कच्या काचेवर थेट येऊ नये म्हणून वर बटर पेपर. फ्लास्क नेहमी एकाच जागी राहावा म्हणून खाली पेन्सिलने गोल आखला. फ्लास्कच्या शेजारी पांढऱ्या ग्लेझ्ड टाइलचा तुकडा, तो प्रत्येक फोटोत आलाच पाहिजे. फोन स्टँडवर, हातात नाही.

अॅप ओपन कॅमेरा घेतलं, फुकट आहे आणि त्यात आयएसओ, शटर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करता येतात (फोनने परवानगी दिली तर, जुन्या काही फोनमध्ये मॅन्युअल शटर मिळतच नाही). शटर १/१०० सेकंद ठेवलं. आपली लाइन ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते, शटर त्याहून फास्ट ठेवलं की फोटोत आडवे फिकट-गडद पट्टे येतात, आणि ते पट्टे फ्लास्कवरून सरकत असले की तुमचा रंग प्रत्येक फोटोत उगाचच बदलतो. एचडीआर, नाइट मोड, रंग खुलवणारे जे काय मोड असतात ते सगळे बंद.

एक्स्पोजर असं ठेवलंय की पांढरी टाइल २५५ ला टेकणार नाही, २०० ते २३० च्या मध्ये राहील. हे फार महत्त्वाचं. टाइल एकदा २५५ ला गेली की ती खरंच किती पांढरी होती हे फोटोला माहीतच नसतं, आणि पुढचं सगळं गणित तिच्यावरच उभं आहे.

९ नोव्हेंबर

ऑटो व्हाइट बॅलन्स काय करतो ते मुद्दाम बघितलं, कारण पोरांचं म्हणणं होतं की फोन हुशार असतो, त्यालाच ठरवू द्या.

तोच फ्लास्क, तीच जागा, तोच उजेड, फक्त व्हाइट बॅलन्स ऑटो. फ्लास्क वाइन रेड असताना कॅमेऱ्याला सगळं दृश्यच लालसर वाटतं, म्हणून तो लाल कमी करतो, आणि आमची पांढरी टाइल फोटोत निळसर आली, लाल भागिले निळा ०.८६. एंडपॉइंटनंतर फ्लास्क निळा झाला तर कॅमेरा उलटा गेला, टाइल पिवळसर, तोच भागाकार १.१२. टाइल तीच आहे, तिच्यात काही बदललेलं नाही! म्हणजे जो बदल आपल्याला मोजायचाय नेमका तोच कॅमेरा पुसायला बघतो, लाल असताना लाल कमी करतो, निळा असताना निळा कमी करतो.

आता यात एक चांगली गोष्ट अशी की ऑटो बॅलन्स म्हणजे तीन चॅनेलना तीन वेगळे गुणक, आणि त्याच फोटोतली टाइल त्याच गुणकांनी गुणली गेलेली असते, त्यामुळे फ्लास्कच्या आकड्याला टाइलच्या आकड्याने भागलं की गुणक बऱ्यापैकी कटतात. बऱ्यापैकी म्हणतोय, पूर्ण नाही, कारण फोन नंतर कॉन्ट्रास्टची वक्र रेषा चढवतो ती सगळ्या उजेडावर सारखी नसते. म्हणून दोन्ही करायचं, लॉकही करायचं आणि टाइलने भागायचंही. कुणाचा आधीच काढलेला ऑटोवरचा फोटो आला तर टाइल आहे का ते बघायचं, टाइल नसेल तर त्या फोटोवरून मी काही सांगणार नाही.

१२ नोव्हेंबर

आज आकडा कोणता काढायचा यावर बराच वेळ गेला. पहिली सुचणारी गोष्ट म्हणजे ह्यू. वाइन रेडचा ह्यू साधारण ३३०-३४० अंश, निळ्याचा २२०-२३०, चांगला शंभरएक अंशांचा फरक, मग अडचण काय. अडचण ही की ह्यू गोल आहे. उजेड जरा पिवळसर असला की वाइन रेडमधले काही पिक्सेल ३५५ वर आणि काही ५ वर पडतात, आणि त्यांची सरासरी काढली तर येते १८०, म्हणजे मोरपिशी, जो फ्लास्कमध्ये कधी नव्हताच. ह्यूच वापरायचा असेल तर आधी आर जी बी ची सरासरी आणि मग एकदाच ह्यू, असं करावं. पण आम्ही ह्यू सोडूनच दिला, कारण इंडिकेटरचा किती भाग सुटला याच्याशी त्याचं नातं सरळ नाही.

त्याऐवजी कलरीमीटरसारखा विचार केला. वाइन रेड जोडी हिरवा उजेड खाते, ५३० नॅनोमीटरच्या आसपास. मोकळा निळा इबीटी नारिंगी-लाल उजेड खातो, ६१०-६२० च्या आसपास. म्हणजे कॅमेऱ्याचा हिरवा चॅनेल पहिल्या रूपावर नजर ठेवतो आणि लाल चॅनेल दुसऱ्यावर. दोन्ही चॅनेलचं शोषण काढायचं, टाइलच्या तुलनेत लॉग घेऊन, आणि मग लाल चॅनेलच्या शोषणाला दोघांच्या बेरजेने भागायचं. वाइन रेडला हा आकडा, कोडमधला `x`, लहान, निळ्याला मोठा. इंडिकेटरची चिमूट कमीजास्त पडली तरी वर आणि खाली दोन्ही सारखंच बदलतं म्हणून आकडा फारसा हलत नाही, आणि ईडीटीए पडत जाऊन फ्लास्कमधलं पाणी पातळ होतं त्याचाही परिणाम याच कारणाने कटतो.

लॉग घ्यायच्या आधी एक पायरी आहे ती सोडायची नाही. जेपीजी मधले ० ते २५५ हे उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतात, डोळ्याच्या सोयीने दाबलेले असतात, ते आधी सरळ करून घ्यावे लागतात. कोड एवढाच:

```python
from PIL import Image
import numpy as np

def lin(v):
    v = v / 255.0
    return np.where(v <= 0.04045, v / 12.92,
                    ((v + 0.055) / 1.055) ** 2.4)

def read(path, liq, ref):
    im = Image.open(path).convert("RGB")
    im = lin(np.asarray(im, dtype=float))
    a = np.median(im[liq], axis=(0, 1))
    b = np.median(im[ref], axis=(0, 1))
    A = -np.log10(a / b)
    x = A[0] / (A[0] + A[1])
    return x, A[0] + A[1]

liq = np.s_[1400:1500, 900:1000]
ref = np.s_[1400:1480, 1700:1780]
```

`liq` म्हणजे फ्लास्कमधला चौकोन, पाण्याच्या पातळीच्या बराच खाली, काचेवरच्या चकाकीपासून लांब. `ref` म्हणजे टाइल. सरासरी न घेता मध्यक घेतलाय म्हणजे एखादा बुडबुडा चौकोनात आला तरी तो आकडा ओढत नाही. फ्लास्क ढवळून झाला की दोनतीन सेकंद थांबून मगच फोटो.

फोटो लॅपटॉपवर केबलने घ्यायचे. एकाने वॉट्सअॅपवर पाठवले तर फोटो लहान झाले, चौकोनाची जागा भलतीकडेच गेली, आणि फाइलचं नाव बदललं, आणि आमचं ब्युरेट रीडिंग तर फाइलच्या नावातच असतं. पाठवायचेच असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

१५ नोव्हेंबर

फोटो काढत काढत टायट्रेशन करायचं म्हटलं की वेळ जातो आणि इथे केमिस्ट्री तुमच्यासाठी थांबत नाही. बफर टाकला की पीएच १०, आणि बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर, त्यामुळे पाच मिनिटांच्या वर गेलं की कॅल्शियम कार्बोनेट हळूहळू खाली बसायला लागतं. ते कॅल्शियम मग ईडीटीएला दिसत नाही. कसं ओळखायचं तर एंडपॉइंट आला, निळा झाला, फोटो काढला, आणि मिनिटभराने बघावं तर परत जांभळट. बसलेलं कार्बोनेट सावकाश विरघळून कॅल्शियम सोडत असतं. एका सॅम्पलला हे स्पष्ट दिसलं, `x` ०.६२ वरून ०.५१ वर आला, ब्युरेटची चावी बंद असताना.

उपाय मामांनी सांगितला आणि तोच बरोबर आहे. एक पायलट रीडिंग घ्यायचं, डोळ्यांनी, फोटोबिटो काही नाही. त्यानंतरच्या रीडिंगला पायलटपेक्षा साधारण १ मिलि कमी एवढा ईडीटीए बफरच्या आधीच एकदम सोडायचा. बहुतेक कॅल्शियम तेव्हाच बांधलं जातं. मग बफर, मग इंडिकेटरची चिमूट, आणि फोटो फक्त शेवटच्या दीड मिलिचे. सुरुवातीला मोठ्या पायऱ्या, मग थेंबाथेंबाने. सगळं पाच मिनिटांत बसतं.

थेंब टाकल्यावर लगेच फोटो नको, इबीटी आणि मॅग्नेशियमची सुटका सावकाश होते, तीन ते पाच सेकंद ढवळून मगच. सकाळी लॅब थंड असते तेव्हा अजून थोडं जास्त.

१८ नोव्हेंबर

आजचा दिवस स्टँडर्डायझेशनचा, आणि मला वाटतं सगळ्या प्रोजेक्टमधलं सगळ्यात शिकण्यासारखं हेच होतं.

१.००० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट डायल्यूट एचसीएलमध्ये विरघळवून, उकळून कार्बन डायऑक्साइड घालवून, न्यूट्रल करून १ लिटर केलेलं. म्हणजे १ मिलित १ मिग्रॅ. त्यातलं १० मिलि पिपेटने, डिस्टिल्ड वॉटरने ५० मिलि केलं, आणि साधा अमोनिया बफर टाकला ज्यात मॅग्नेशियम नाही. हे मुद्दाम, फोटोत ते कसं दिसतं बघायला.

ग्राफ आला तो पायरीसारखा नाहीच, घसरगुंडीसारखा. `x` ६ मिलिच्या आसपासच वर सरकायला लागला, ९ मिलिच्या जवळ अर्ध्यावर पोचला, आणि ९.८ च्या पुढे सपाट झाला. कारण कॅल्शियम आणि इबीटीची जोडी कच्ची आहे, तिचा लॉग के ५.४, मॅग्नेशियमचा ७.०. मोकळं कॅल्शियम थोडं कमी झालं की इंडिकेटर सुटायला लागतो, सगळं संपायची वाट बघत नाही. डोळ्याने बघणारा माणूस पूर्ण निळा होईपर्यंत थांबतो म्हणून तो ९.८-९.९ लाच पोचतो, कंटाळतो पण पोचतो. आणि फोटोवाला अर्ध्यावरचा बिंदू धरणार असेल तर तो जवळजवळ १ मिलिने लवकर थांबेल. अर्ध्याचा नियम फक्त ग्राफ उभी पायरी असेल तेव्हाच लावायचा, तिरका उतार दिसला तर आकडा काढायचाच नाही, आधी केमिस्ट्री दुरुस्त करायची.

दुरुस्ती जुनीच आहे, मॅग्नेशियम-ईडीटीए बफरमध्येच घालायचं. १.१७९ ग्रॅम डायसोडियम ईडीटीए आणि ०.७८० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट (सात पाण्याचं) ५० मिलि डिस्टिल्ड वॉटरमध्ये, ते १६.९ ग्रॅम अमोनियम क्लोराइड आणि १४३ मिलि कॉन्सन्ट्रेटेड अमोनियात घालून सगळं २५० मिलि. हे काम फ्यूम कपाटात, मामांनीच केलं. दोघांचे मोल सारखे येतात, ३.१७ मिलिमोल, त्यामुळे या मॅग्नेशियमचा हिशेब हार्डनेसमध्ये वाढत नाही आणि कमीही होत नाही. पाण्यातलं कॅल्शियम त्यातला ईडीटीए घेतं, मॅग्नेशियम मोकळं होतं, ते इंडिकेटरला धरतं, आणि शेवटी ते परत ईडीटीएत जातं.

हा बफर २ मिलि टाकून तेच स्टँडर्ड परत घेतलं. पायरी आली, उभी! खालचा सपाट भाग ०.२०, वरचा ०.६४, मधला ०.४२ हा ९.८४ मिलिला. शेजारी पोरांनी डोळ्यांनी पूर्ण निळा धरून घेतलेलं जुळणारं रीडिंग ९.९५.

१९ नोव्हेंबर

कालच्या ९.८४ आणि ९.९५ वरून आज जोरात वाद. खरं कुठलं?

वहीत बसून हिशेब केला. रंगाचा मध्यबिंदू खऱ्या इक्विव्हॅलन्सच्या एक थेंबभर किंवा त्याहून थोडा आधी येतो, कारण त्या क्षणी अर्धा इंडिकेटर अजून मॅग्नेशियम धरून बसलेला असतो. उलट नव्वद टक्के इंडिकेटर सुटून डोळ्याला पूर्ण निळा दिसायचा तर ईडीटीए थोडा जास्त पडावा लागतो, साधारण एक थेंब. म्हणजे दोघंही नेमक्या बिंदूवर नाहीत, एक जरा अलीकडे, एक जरा पलीकडे, आणि मधलं अंतर ०.१ मिलिच्या आसपास निघायला पाहिजे, आणि निघालं ०.११.

म्हणून ठरलं असं की ज्या नियमाने सॅम्पल वाचायचं त्याच नियमाने स्टँडर्ड वाचायचं. फोटो तर दोन्हीकडे फोटो, डोळा तर दोन्हीकडे डोळा. फोटोने १ मिलि ईडीटीए म्हणजे १०.००/९.८४ = १.०१६ मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेट, डोळ्याने १०.००/९.९५ = १.००५.

२२ नोव्हेंबर

खरं सॅम्पल. कॉलेजच्या मागच्या वस्तीतला बोअर, पंप दहा मिनिटं चालवून मग बाटली भरली. इकडे सगळा काळा पाषाण, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही पाण्यात उतरतं, त्यामुळे इबीटीला आवडणारं पाणी. पायलट १२ च्या आसपास आला. २५ मिलि सॅम्पल डिस्टिल्डने ५० मिलि, ११ मिलि ईडीटीए आधीच, २ मिलि बफर, इबीटीची चिमूट (०.५ ग्रॅम रंग १०० ग्रॅम मिठात, साधं टेबल सॉल्ट नाही, लॅबचं सोडियम क्लोराइड, रंगाचं सोल्युशन करून ठेवलं की काही दिवसांत खराब होतं, कोरडं टिकतं).

```
ml      x
11.00   0.20
11.50   0.21
11.70   0.24
11.75   0.27
11.80   0.32
11.85   0.40
11.90   0.46
11.95   0.54
12.00   0.60
12.05   0.62
12.10   0.63
12.50   0.64
```

खालचा सपाट ०.२०, वरचा ०.६४, मध्य ०.४२. तो ११.८५ आणि ११.९० च्या मध्ये पडतो, सरळ रेषेने काढला तर ११.८७. हार्डनेस = ११.८७ × १.०१६ × १०००/२५ = ४८२ मिग्रॅ प्रति लिटर, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. आयएस १०५०० मध्ये स्वीकारार्ह मर्यादा २००, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६००. म्हणजे पिण्याच्या पाण्याला २०० च्या दुपटीहून जास्त पण ६०० च्या आत.

तिघांनी डोळ्यांनी घेतलेलं ११.९५, १२.००, १२.००, सरासरी ११.९८. त्यांच्या १.००५ ने गुणलं तर ४८२ च. पण डोळ्याचं ११.९८ आणि फोटोचं १.०१६ असं मिसळलं तर ४८७ येतं. पाच मिलिग्रॅमचा फरक नुसता नियम मिसळल्यामुळे. एक थेंब ०.०५ मिलि म्हणजे इथे २ मिग्रॅ प्रति लिटर, तेव्हा हा फरक अडीच थेंबांचा झाला.

टेबलमध्ये ११.९५ ची ओळ बघा, ०.५४. हाच तो जांभळट निळा. त्यावर एकाने हात थांबवला, दोघांनी अजून एक थेंब टाकला, आणि तिघंही प्रामाणिकपणे वाचत होते. रंगांधत्व असलेल्या पोराने आज ब्युरेट धरली आणि फोटोवरून स्वतःच ११.८७ काढलं, कुणाला रंग न विचारता. मला याचा फार आनंद झाला.

२६ नोव्हेंबर

आज एका जुन्या जीआय पाइपलाइनचं पाणी आलं, सकाळचं पहिलं, म्हणजे रात्रभर पाइपात उभं राहिलेलं. ग्राफ ०.२० वरून सुरू झाला, वर चढला, आणि ०.४९ ला अडकला. ईडीटीए अजून १ मिलि टाकला तरी ०.५० च्या वर जाईना. फ्लास्कमध्ये मळकट जांभळा.

हे लोखंडाचं लक्षण. लोह, तांबं, अॅल्युमिनियम हे इबीटीला इतके घट्ट धरतात की ईडीटीए ते वेळेत सोडवू शकत नाही, इंडिकेटर ब्लॉक होतो. डोळ्याने बघणारा इथे शेवटी कंटाळून कुठेतरी एंडपॉइंट लिहितो. फोटोचा फायदा असा की वरचा सपाट भाग स्टँडर्डच्या ०.६४ पर्यंत पोचला नाही हे आकड्यातच दिसतं, आणि तो पोचला नसेल तर मध्यबिंदू काढायचा नाही असा नियम आता स्क्रिप्टमध्येच घातलाय. सॅम्पलमध्ये बफरच्या आधी, पाणी आम्लधर्मी असतानाच, ट्रायइथॅनॉलअमाइनचे थोडे थेंब टाकून परत घेतलं तर ०.६३ पर्यंत गेलं. सायनाइडचा मार्ग पुस्तकात असतो, आमच्या लॅबमध्ये तो नको.

दुसरा एक बिघाड `x` मध्ये दिसत नाही, तो दुसऱ्या आकड्यात दिसतो, दोन्ही शोषणांची बेरीज. ती रीडिंगच्या दरम्यान जवळपास सारखी राहायला पाहिजे. ती हळूहळू घसरत असेल तर इंडिकेटरच मरतोय, हवेने ऑक्सिडाइज होतोय, मॅंगनीज असलं तर अजून लवकर. रंग फिका पडत जातो आणि मग टाइलमधल्या आणि फ्लास्कमधल्या छोट्या फरकांचा गोंगाट वाढतो. आम्ही मर्यादा अशी ठेवलीय की बेरीज सुरुवातीच्या चार पंचमांशाच्या खाली गेली तर रीडिंग रद्द, नवीन चिमूट, नवीन फ्लास्क.

२९ नोव्हेंबर

तेच सॅम्पल, तोच फ्लास्क, तीन वेगळे फोन शेजारी शेजारी. एकात निळा सपाट भाग ०.६४, दुसऱ्यात ०.५८, तिसऱ्यात ०.७०. प्रत्येक सेन्सरच्या लाल-हिरव्या फिल्टरचं खाणं वेगळं, आणि प्रत्येक कंपनी रंगांवर वेगळी प्रक्रिया करते. पण तिन्ही फोनचा मध्यबिंदू ११.८५ ते ११.८९ च्या आतच. म्हणून ०.४२ हा आकडा कुणी पाठ करून दुसऱ्या फोनवर वापरू नका, प्रत्येक फोनचे वरचे आणि खालचे सपाट भाग त्याच फोनवर, त्याच दिवशी, त्याच खोक्यात घ्यायचे. याच कारणाने एका सुट्या फोटोवरून "एंडपॉइंट आलाय का" हे सांगणं मला पटत नाही, शेजारी त्याच दिवशीचा पूर्ण निळ्याचा फोटो असेल तर निदान तुलना तरी होते.

आणि कॅमेरा फक्त रंग बघतो. ब्युरेटचं रीडिंग अजून माणूसच घेतो, डोळा पातळीला नसेल तर ०.०५ मिलि तिथेच जातो, चावीखाली हवेचा बुडबुडा असेल तर त्याहून जास्त. दोन फोटो काढायचं ठरतंय, एक फ्लास्कचा, एक ब्युरेटच्या मेनिस्कसचा मागे पांढरं-काळं कार्ड धरून, म्हणजे नंतर वाद झाला तर दोन्ही समोर असतील.

२ डिसेंबर

स्क्रिप्ट आता तीन गोष्टी तपासते आणि मगच मिलि छापते: टाइल २५५ ला टेकली नाही ना, बेरीज घसरली नाही ना, वरचा सपाट भाग स्टँडर्डच्या जवळ पोचला ना. ग्राफ तिरका आहे का हे अजून माणूस बघतो, त्यासाठी चढ किती मिलित पूर्ण होतो ते मोजायचं आहे, चांगल्या रीडिंगला ०.२४ चे ०.६० व्हायला साधारण ०.३ मिलि लागतात, स्टँडर्डच्या त्या घसरगुंडीला तेवढ्यालाच तीनेक मिलि लागले होते, तेव्हा १ मिलिच्या वर गेलं की इशारा असं घालतोय.

पुढे नुसतं कॅल्शियम वेगळं काढायचंय, पीएच १२ च्या वर नेऊन मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड खाली बसवून, पॅटन-रीडर इंडिकेटरने. त्यातही वाइन रेड ते निळाच आहे, पण फ्लास्कमध्ये पांढरा साका तरंगत असतो, तो उजेड पसरवतो आणि दोन्ही चॅनेलचं शोषण खोटं वाढवतो. त्यासाठी इंडिकेटर न टाकलेल्या, पण साका बसलेल्या फ्लास्कचा फोटो टाइलच्या जागी `ref` म्हणून वापरून बघायचा आहे. सोडियम हायड्रॉक्साइड मामा गुरुवारी बनवून देणार आहेत.